रिटर्न टू इन्व्हॉईस: पूर्ण किंमत म्हणजे नेमकी कोणती?

प्रश्न: नवीन गाडी बुक केली आहे, कर्ज काढून. वाकडला राहतो, गाडी सोसायटीबाहेर रस्त्यावरच लागणार. शोरूमवाला म्हणतो 'रिटर्न टू इन्व्हॉईस' घ्या, चोरी झाली किंवा टोटल लॉस झाला तर पूर्ण ऑन-रोड पैसे परत मिळतात. खरंच मिळतात का? आणि किती वर्षं घ्यावं?

उत्तर:

मिळतात, पण शोरूमवाला ज्याला 'पूर्ण ऑन-रोड' म्हणतोय तेवढे बहुतेक वेळा नाहीत. आणि तुमच्या परिस्थितीत (कर्ज, रस्त्यावरचं पार्किंग) हे कव्हर बहुतेक ठिकाणी तीन वर्षं मिळतं, ती तिन्ही वर्षं मी घेईन. ते का, हे नीट सांगतो. मी पुण्यात मोटर क्लेमचे सर्व्हे करतो. दिवसभर ठोकलेल्या गाड्या बघणं हाच धंदा, त्यामुळे विक्रीच्या बाजूची गोड भाषा माझ्याकडून होणार नाही.

एजंट लोक याला 'आरटीआय' म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, माहितीचा अधिकार इथे कुठून आला! मी सरळ इन्व्हॉईस कव्हर म्हणतो.

आधी आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, समजून घ्या, कारण सगळा खेळ तिथे आहे. चोरी किंवा टोटल लॉस झाला की साध्या पॉलिसीत तुम्हाला आयडीव्ही मिळते. ती काढताना गाडीची एक्स-शोरूम यादीतली किंमत धरतात आणि वयाप्रमाणे घसारा वजा करतात. अगदी नव्या गाडीला 5 टक्के, एक ते दोन वर्षांच्या गाडीला 20 टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला 30 टक्के. कंपन्या थोडं वरखाली करतात, पण चौकट हीच. रोड टॅक्स, नोंदणी आणि विम्याचा हप्ता आयडीव्हीत धरतच नाहीत. महाराष्ट्रात 10 ते 20 लाखांच्या पेट्रोल गाडीला 12 टक्के रोड टॅक्स लागतो, म्हणजे शोरूममधून बाहेर पडतानाच 1 लाख 20 हजार ते 2 लाख 40 हजार रुपये विम्याच्या हिशोबाबाहेर गेलेले असतात. हे घसाऱ्याचं आणि रोड टॅक्सचं भगदाड इन्व्हॉईस कव्हर भरून काढतं.

आता आमच्याच सोसायटीतल्या एका शिक्षकांची गोष्ट सांगतो. क्लेमची कागदपत्रं मी त्यांच्याबरोबर बसून लावली होती, म्हणून आकडे लक्षात आहेत. सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. सरांनी जानेवारी 2024 मध्ये चार मीटरच्या आतली पेट्रोल गाडी घेतली. बिलावर एक्स-शोरूम 11 लाख, रोड टॅक्स 1 लाख 32 हजार. कर्ज 10 लाख, सात वर्षं, 9 टक्के, हप्ता सोळा हजारांच्या वर थोडा. जानेवारी 2025 मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा आयडीव्ही आली 8 लाख 80 हजार. इन्व्हॉईस कव्हर त्यांनी पुढे चालू ठेवलं होतं. त्यात हुशारी नव्हती. एजंटने मागच्या वर्षीचीच पॉलिसी जशीच्या तशी काढली आणि सरांनी न वाचता पैसे भरले. मे महिन्यात एका लग्नाला गेले असताना कार्यालयाबाहेरून गाडी गेली.

सप्टेंबरमध्ये पैसे आले. तोपर्यंत सर नसलेल्या गाडीचे हप्ते भरतच होते, कारण चोरी झाली म्हणून बँक थांबत नाही. वीस हप्ते भरूनही कर्ज 8 लाख 15 हजार शिल्लक होतं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजच जास्त जातं. आता साध्या पॉलिसीचा हिशोब करून बघा. 8 लाख 80 हजारांतून सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपणच सोसायचा भाग, एक हजार (1500 सीसीपर्यंत तेवढीच असते), मग बँकेचे 8 लाख 15 हजार. सरांच्या हातात चौसष्ट हजार. गाडी नाही, रोड टॅक्स गेला, डाउन पेमेंटही गेलं. इन्व्हॉईस कव्हरमुळे हिशोब 11 लाख अधिक 1 लाख 32 हजार असा झाला. एक हजार वजा करून 12 लाख 31 हजार, त्यातून बँकेचं कर्ज फिटलं आणि सरांना 4 लाख 16 हजार मिळाले. पैसे आधी बँकेलाच जातात, कारण आरसीवर तिचा बोजा असतो. त्यामुळे तुमच्यासारख्या कर्जवाल्याला हे कव्हर जास्त लागू पडतं.

या हिशोबात एक गोष्ट दिसते, ती बहुतेक लोकांच्या ध्यानात येत नाही. पहिल्या वर्षी सरांची तूट होती घसाऱ्याचे 55 हजार आणि रोड टॅक्सचे 1 लाख 32 हजार, म्हणजे पावणेदोन लाखांच्या थोडी वर. दुसऱ्या वर्षी ती साडेतीन लाखांवर गेली. तिसऱ्या वर्षी 30 टक्के घसाऱ्याने 4 लाख 62 हजारांवर गेली असती. लोक मात्र उलटं वागतात. पहिल्या वर्षी शोरूमच्या पॅकेजमध्ये कव्हर येतं म्हणून घेतात आणि दुसऱ्या वर्षी मोबाईलवर सगळ्यांत स्वस्त पॉलिसी शोधताना नेमकं तेच काढून टाकतात. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम येतो, त्यामुळे 'विमा तीन वर्षांचा आहे' असा समजही असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एकेका वर्षाचा असतो आणि इन्व्हॉईस कव्हर त्यालाच जोडलेलं असतं. दरवर्षी ते नव्याने मागून घ्यावं लागतं. मध्ये एक वर्ष सोडलं किंवा नूतनीकरणात खंड पडला, तर पुढे बऱ्याच कंपन्या द्यायला तयार होत नाहीत. बहुतेक कंपन्यांत ते तीन वर्षांपर्यंतच मिळतं, काहींत पाच.

हप्त्याचं म्हणाल तर या किमतीच्या गाड्यांना मी वर्षाला दोन ते चार हजारांच्या आसपासचे आकडे पाहिले आहेत. गाडी, कंपनी आणि आधीचे क्लेम यांवर ते बदलतात.

आता मुख्य प्रश्न: 'पूर्ण किंमत' म्हणजे कोणती? ते पॉलिसीच्या शब्दांवर ठरतं आणि हे शब्द कंपनीगणिक वेगळे असतात. काही ठिकाणी फक्त एक्स-शोरूम बिलाचा फरक मिळतो. काही ठिकाणी रोड टॅक्स आणि पहिली नोंदणी धरतात, आणि काही विम्याचा हप्ताही देतात. वाढीव वॉरंटी, बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम, सीट कव्हर, कोटिंग, शोरूमचे हँडलिंग चार्जेस हे सहसा कुठेच धरत नाहीत. म्हणजे 'ऑन-रोड' कागदावरच्या सगळ्यांत खालच्या मोठ्या आकड्यावर बोट ठेवून कोणी 'एवढे परत' म्हणाला तर ते खरं नाही. सरांना कंपनीने आधी पाठवलेल्या हिशोबात रोड टॅक्स धरलाच नव्हता. अटींच्या पुस्तिकेत तो होता. आम्ही ते पान आणि आरटीओची कर भरल्याची पावती जोडून ईमेल केला, तेव्हा 1 लाख 32 हजार वाढले. पावती नसती तर महिनाभर नुसता पत्रव्यवहार झाला असता.

याहून जास्त महाग पडू शकणारी एक ओळ असते. बऱ्याच कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं की बिलाची किंमत किंवा त्याच मॉडेलची आजची किंमत, यांतली जी कमी असेल ती. गाड्यांचे भाव नेहमी चढतातच, म्हणून वर्षानुवर्षं ही ओळ कोणी वाचत नव्हतं. मग 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटी कमी झाला. लहान पेट्रोल गाडीवर 28 टक्के जीएसटी आणि 1 टक्का सेस होता, तो सरळ 18 टक्के झाला. सरांच्या 11 लाखांच्या गाडीला हे लावलं तर नवी किंमत 10 लाखांच्या जेमतेम वर येते. त्यांची गाडी मे ऐवजी ऑक्टोबरमध्ये गेली असती आणि पॉलिसीत ही 'जी कमी असेल ती' ओळ असती, तर गाडीच्या किमतीतच नव्वद-पंच्याण्णव हजार कमी मिळाले असते. तुम्ही नव्या दराने घेताय, तेव्हा तुम्हाला हा फटका बसण्याची शक्यता कमी आहे. पण कपातीच्या आधी गाडी घेतलेल्या तुमच्या मित्रांना आपापली पॉलिसी काढून बघायला सांगा. आणि भाव चढले तर? तेव्हा बिलाचीच मर्यादा राहते, चढलेला भाव मिळत नाही.

दुसरी खोच सवलतीची. आयडीव्ही यादीतल्या किमतीवर निघते, इन्व्हॉईस कव्हर मात्र बिलावरचा आकडा बघतं. वर्षअखेरीचा स्टॉक घेताना शोरूमने बिलातच 60 हजार कमी केले असतील, तर 11 लाखांच्या गाडीचं बिल होतं 10 लाख 40 हजार आणि पहिल्या वर्षाची आयडीव्ही असते 10 लाख 45 हजार. गाडीच्या किमतीचा फरकच उरत नाही. पहिल्या वर्षी कव्हरचा उपयोग फक्त रोड टॅक्सपुरता राहतो, आणि तो धरत नसतील तर काहीच नाही. तरीही मी पहिल्या वर्षी घ्या म्हणेन, कारण नाही घेतलं तर दुसऱ्या वर्षी मिळेल याची खात्री नसते.

आता टोटल लॉसचं. चोरीत गाडी गेली ती गेली, तिथे वाद कमी. ठोकलेल्या किंवा बुडालेल्या गाडीत मात्र आधी ठरतं की हा टोटल लॉस आहे का. नियम असा की गाडी काढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून, पॉलिसीच्या अटींत बसणारा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला, तर तो टोटल लॉस. त्याखाली गेला तर गाडी दुरुस्त होते आणि इन्व्हॉईस कव्हरचा एक रुपयाही मिळत नाही. कारण या कव्हरचा स्वतःचा असा क्लेम नसतोच, मुख्य पॉलिसीत टोटल लॉस किंवा चोरी मंजूर झाली की मगच ते लागू होतं.

नवले पुलाच्या उतारावर मागून ट्रकने दाबलेली एक गाडी माझ्याकडे आली होती. आयडीव्ही 8 लाख 80 हजार, म्हणजे सीमारेषा 6 लाख 60 हजार. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं 7 लाख 40 हजारांचं. मालक खुश, म्हणे सुटलो. पण एस्टिमेट म्हणजे वर्कशॉपने बाहेरून बघून लिहिलेली यादी. बंपर, डिकीचं दार, मागचा फ्लोअर उघडून बघितला. मागचा एक्सल बदलायचा म्हणून लिहिला होता, मापं घेतली तर तो सरळ होता. एक वायरिंग हार्नेस दोनदा धरला होता. रंगकामाचे दर फुगवलेले. सगळं छाटून माझा आकडा आला 6 लाख 25 हजार. गाडी दुरुस्तीला गेली. मालक माझ्यावर भडकले, 'साहेब, पस्तीस हजारांनी माझं नुकसान केलंत' म्हणून. त्यांच्या जागी मीही भडकलो असतो. पण एक्सल सरळ होता, त्याला मी वाकडा कसा लिहू? ही या कव्हरची खरी मर्यादा आहे. आयडीव्हीच्या साठ-सत्तर टक्के नुकसान झालेली गाडी पुढे विकताना भाव देत नाही, आणि त्याची भरपाई कुठलंच कव्हर करत नाही.

काही हुशार लोक विचारतात, मग आयडीव्हीच कमी घेतली तर सीमारेषा खाली येईल ना? येते. 8 लाखांच्या आयडीव्हीला ती 6 लाखांवर येते, आणि वरची गाडी टोटल लॉस ठरली असती. पण हा जुगार आहे. इन्व्हॉईस कव्हरवर काही अडलं तर हातात कमी आयडीव्हीच राहते. ऑनलाइन दरपत्रकात बऱ्याचदा तळाची आयडीव्ही आपोआप निवडलेली असते, ती वाढवून घ्या.

बुडालेल्या गाड्यांबद्दल एकच सांगतो. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्यानंतर आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनी डॅशबोर्डपर्यंत चिखल भरलेल्या गाड्या पाहिल्या. अशा गाडीत वायरिंग आणि कंट्रोल युनिटं गेलेली असतात, त्यामुळे खर्च लवकर सीमारेषेवर जातो. पण पाण्यातली गाडी चालू करून बघू नका. स्टार्टर मारल्याने इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते नुकसान साध्या पॉलिसीत वगळतात आणि टोटल लॉसच्या हिशोबातून मोठा आकडा निघून जातो.

चोरीच्या कागदपत्रांत लोक कुठे अडकतात, तेही सांगतो. सरांनी त्याच रात्री 112 ला फोन केला आणि एफआयआर नोंदवला. विमा कंपनीला मात्र दोन दिवसांनी कळवलं. एफआयआर लगेच असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून क्लेम नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं आहे. तरी कंपनीला त्याच दिवशी कळवा, भांडण टळतं. मग तपास चालतो. गाडी नाही सापडली की पोलीस 'अ समरी' अहवाल कोर्टात पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. कंपन्या बहुतेक या कागदासाठी थांबतात, त्यात तीन-चार महिने जातात. मधल्या काळात गाडी सापडली तर चोरीचा टोटल लॉस उरत नाही. तुटफूट झाली असेल तेवढी दुरुस्ती मिळते, आणि इन्व्हॉईस कव्हर बाजूला पडतं.

कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर घरी आला की दोन्ही किल्ल्या मागतो. सरांची दुसरी किल्ली सापडेना. एक किल्ली नसली की गाडीतच राहिली होती का, कोणाला दिली होती का, असले प्रश्न सुरू होतात. चार दिवस घर उलथंपालथं केलं. शेवटी ती साताऱ्याला त्यांच्या आईच्या कपाटात, भाजी मंडईच्या पिशवीत निघाली. दिवाळीला गेले तेव्हा तिथेच राहिली होती. दुसरा अडथळा बिलाचा. सरांच्या फाइलमध्ये होतं ते कोटेशन. कंपनीला हवं होतं टॅक्स इन्व्हॉईस, ज्यावर चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. ते शोरूममधून परत काढायला आठवडा गेला. त्यानंतर आरसी, बँकेचं पत्र, आणि गाडी कंपनीच्या नावे करण्याच्या आरटीओच्या फॉर्मवर सह्या.

आणखी एक. पहिल्या मालकालाच हे कव्हर मिळतं. आणि खासगी पॉलिसीवर गाडी भाड्याने किंवा टॅक्सी ॲपला लावली असेल तर मुख्य क्लेमच अडकतो, मग इन्व्हॉईस कव्हरचा प्रश्नच येत नाही.

तर तुम्ही काय करा. डिलिव्हरीच्या आधी शोरूममधल्या विमा डेस्कला पॉलिसीचा नमुना मागा. 'बंपर टू बंपर आहे, सगळं आलं त्यात' या उत्तरावर थांबू नका. ते झिरो डेप, तो पार्टच्या घसाऱ्याचा विषय आहे आणि हे वेगळं आहे. इन्व्हॉईस कव्हरची स्वतंत्र ओळ पॉलिसीत छापलेली दिसली पाहिजे. मग अटींच्या पुस्तिकेत दोनच गोष्टी शोधा: रोड टॅक्स आणि नोंदणी धरली आहे का, आणि 'जी कमी असेल ती' ही ओळ आहे का. उत्तरं पटली नाहीत तर विमा बाहेरून घ्या, शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. दोन कंपन्यांत हजार रुपयांचा फरक असेल आणि महाग असलेली रोड टॅक्स देत असेल, तर मी महाग घेईन.

गाडी घरी आली की टॅक्स इन्व्हॉईस आणि रोड टॅक्सची पावती स्कॅन करून स्वतःलाच ईमेल करा. दुसरी किल्ली एका ठरलेल्या जागी ठेवा आणि ती जागा घरातल्या अजून एकाला सांगून ठेवा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचे मेसेज यायला लागले की आधीच्या पॉलिसीची प्रत शेजारी ठेवूनच पैसे भरा. काही अडलं तर पॉलिसीतलं ते पान इथे टाका, नाव आणि नंबर झाकून. मी बघून सांगतो.